गॅस मार्क ३ म्हणजे आपल्या ओटीजीवर नक्की किती?

केतकी_कोथरूड

माझी आत्या १९७२ साली लग्न होऊन लेस्टरला गेली. तिची पाककृतींची वही आता माझ्याकडे आली आहे. आत्या नाही, त्यामुळे शंका विचारायची सोय राहिली नाही, म्हणून इथे विचारते आहे.

वहीत एक साधा फ्रूट केक आहे. लहानपणी ती सुट्टीला पुण्याला यायची तेव्हा डब्यात घेऊन यायची, तोच. ८ औंस सेल्फ रेझिंग मैदा, ६ औंस बटर, ६ औंस साखर, ३ अंडी, १२ औंस मनुका-बेदाणे, ७ इंची गोल टिन. खाली एवढंच लिहिलंय: "गॅस मार्क ३, मधला खण, दीड ते पावणेदोन तास."

नेटवर एका तक्त्यात गॅस मार्क ३ म्हणजे १६०, दुसऱ्यात १७०. मी १७० धरलं. माझा ओटीजी २८ लिटरचा आहे, दोन्ही रॉड चालू, फॅनही चालू ठेवला. पन्नासाव्या मिनिटाला वरून गडद तपकिरी झाला, मधे डोंगरासारखा फुगून तडकला आणि तासाभराने सुई घातली तर आतून ओलं पीठ चिकटून आलं. वरून फॉइल झाकून अजून अर्धा तास ठेवला. शेवटी कडा रस्कसारख्या आणि मधला भाग गच्च.

१० अंशांनी एवढा फरक पडतो का? १६० घ्यायला हवं होतं का?

---

सुनंदा.जोशी

केतकी, मी तर ओव्हन घेतलाच नाही. कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाशी मीठ पसरते, त्यावर स्टँड आणि त्यावर डबा. मंद गॅसवर पन्नास मिनिटं. तुझा गॅस मार्क ३ म्हणजे गॅसची मध्यम आच असणार. माझ्या शेगडीवर आकडे नाहीत, पण धाकट्या जावेच्या शेगडीवर १ ते ५ आहेत. तिकडे ३ म्हणजे बरोबर मधोमध. तुम्ही उगीच डिग्रीत शिरलात असं मला वाटतं.

---

आबा_पिंपरी

केतकीताई, इतका विचार करण्यासारखं यात काही नाही. तीस वर्षं कारखान्यात काढली, फॅरनहाइटचं सेल्सिअस करायला कधी कागद लागला नाही. सरळ अर्धं करायचं. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७५. ३०० म्हणजे १५०. गॅस मार्क ३ म्हणजे ३२५ फॅरनहाइट, अर्धे केले की १६२. तेव्हा १६० बरोबर आणि १७० चूक. तुमचा केक त्या १० अंशांनीच बिघडला.

---

विद्याताई_बेकिंग

केतकी, वहीतली कृती छान आहे, प्रमाणात काही खोट नाही. एकेक बघू.

आधी सुनंदाताईंचं. ताई, गॅस मार्कचा शेगडीच्या आचेशी संबंध नाही. इंग्लंडमधल्या गॅसच्या ओव्हनला थर्मोस्टॅट असतो आणि त्याच्या नॉबवर अंशांऐवजी १, २, ३ असे आकडे असतात. नॉब ३ वर ठेवला की ओव्हनच्या मधल्या भागात ठरावीक उष्णता राहते, आणि ती राखायला ज्योत आपोआप लहानमोठी होते. आपल्या शेगडीचा नॉब फक्त ज्योत किती मोठी ते ठरवतो, भांड्यात किती तापलंय ते त्याला कळत नाही. तुमच्या कुकरमधला केक चांगला होतो तो तुमच्या हाताच्या सवयीने. जावेच्या शेगडीवरचा ३ केतकीच्या कामाचा नाही.

आता आकडे. गॅस मार्कला एक सोपी चाल आहे. १ म्हणजे २७५ फॅरनहाइट, आणि पुढचा प्रत्येक मार्क २५ ने वर. म्हणून मार्कला २५ ने गुणायचं आणि २५० मिळवायचे. मार्क ३ चे ७५, अधिक २५०, झाले ३२५. आता ३२ वजा केले की उरले २९३, पाचाने गुणून नवाने भागले की १६२.८. म्हणजे १६३ च. हा आकडा कुठल्याच ओव्हनच्या नॉबवर नसतो. छापणारे तो जवळच्या दहाकडे नेतात, कोणी १६० लिहितो, कोणी १७०. दोघंही त्याच गॅस मार्क ३ बद्दल बोलतायत. तुझे दोन्ही तक्ते खोटे नाहीत. मार्क ४ चे १७७ होतात, तिथे सगळेच १८० लिहितात, म्हणून तिथे हा गोंधळ होत नाही.

पण केतकी, ७ अंश जास्त झाले म्हणून केक असा फुटत नाही. तू लिहिलंयस त्यावरून तुझ्या टिनाभोवती १७० पेक्षा खूपच जास्त उष्णता होती. बाहेरचा भाग लवकर कडक झाला, आतलं पीठ तेव्हा कुठे फुगायला लागलं, त्याला जायला जागा नाही म्हणून वर फोडून निघालं. दोन गोष्टी विचारते. फॅन का लावलास? आणि तुझा ओटीजी खरंच किती तापतो हे कधी मोजलंयस का?

---

केतकी_कोथरूड

ताई, फॅन लावला कारण माहितीपुस्तिकेत "केकसाठी" असं लिहिलं होतं. मोजलं कधीच नाही. नॉबवर १७० म्हणजे आत १७० असंच धरून चालत होते.

---

रोहित_बाणेर

थोडं विषयांतर, पण याच धाग्यात विचारतो. मी अमेरिकन साइटवरून ब्राउनी करतो. त्यात ३५० फॅरनहाइट असतं, ते मी १७५ वर लावतो, छान होते. गेल्या आठवड्यात काचेच्या भांड्यात केली. कृतीत लिहिलं होतं की काचेचं भांडं असेल तर तापमान २५ डिग्रीने कमी करा. फोनवर २५ फॅरनहाइट टाकलं तर उत्तर आलं उणे ३.९ सेल्सिअस. म्हणजे ४ डिग्री कमी, असा अर्थ घेऊन १७१ च्या आसपास ठेवलं. कडा आणि तळ करपला. काचेचा दोष म्हणायचा का?

---

विद्याताई_बेकिंग

रोहित, तुझा प्रश्न विषयाच्या मधोमध आहे. अनेकजण इथेच फसतात आणि त्यांना कळतही नाही.

फोनने खोटं सांगितलं नाही. २५ फॅरनहाइट इतकी थंड हवा असेल तर ती खरोखर उणे ४ सेल्सिअस असते, बर्फाच्याही खाली. पण तुला हवेचं तापमान नको होतं, तुला २५ पायऱ्या खाली उतरायचं होतं. ते ३२ वजा करणं असतं ते दोन मापांची सुरुवात वेगळ्या ठिकाणी आहे म्हणून. दोन तापमानांमधल्या अंतरात सुरुवातीचा प्रश्नच येत नाही. तिथे ३२ ला हात लावायचा नाही, नुसतं पाचाने गुणून नवाने भागायचं. २५ चे झाले १४.

ताळा करून बघ. ३५० म्हणजे १७७. त्यातून २५ कमी म्हणजे ३२५, आणि ते १६३. १७७ मधून १६३ गेले की १४. तू १६३ वर ठेवायला हवं होतं, ठेवलंस १७१ वर. काच हळू तापते पण एकदा तापली की उष्णता धरून ठेवते, म्हणून कडा आणि तळ आधी करपतात. ते कमी करायला सांगितलेलं असतं ते त्याचसाठी.

उलट बाजूनेही हेच. ब्रिटिश कृतीत फॅनसाठी २० सेल्सिअस कमी लिहिलेलं असतं. फॅरनहाइटच्या ओव्हनवर ते ३६ होतात. फोनमध्ये २० सेल्सिअस टाकलंस तर तो ६८ सांगेल, आणि कोणी खरंच ६८ कमी केले तर केक पांढराच राहील.

---

आबा_पिंपरी

माझ्या हिशोबाने २५ चे अर्धे साडेबारा. फोनच्या उणे ४ पेक्षा मीच जवळ आलो म्हणायचं.

---

विद्याताई_बेकिंग

आबा, खरंच जवळ आलात. अंतर मोजायला तुमचं अर्धं करणं चांगलं चालतं, कारण पाच नवमांश म्हणजे अर्ध्याहून जरासंच जास्त.

तापमानालाही ते काही भागात चालतं, सगळीकडे नाही. ३२० फॅरनहाइटला तर ते तंतोतंत १६० येतं. ३०० ते ४०० मधे चार-पाच अंशांच्या वर चूक जात नाही, आणि केक-बिस्किटं सगळी याच पट्ट्यात, म्हणून तीस वर्षं तुम्हाला कागद लागला नाही. पण ४७५ वर पावाची भट्टी लावायची असेल तर तुमचे होतात २३७, खरे २४६. खालच्या बाजूला २०० फॅरनहाइटवर मेरँग वाळवायचे असतील तर तुमचे १००, खरे ९३. मेरँग पांढरे राहायला हवे असतात, तिथे ७ अंशांनी पिवळसर झाक येते.

---

आबा_पिंपरी

मेरँग आमच्या घरी होत नाहीत. पण मान्य. कारखान्यातलं काम सगळं त्या मधल्या पट्ट्यातलंच होतं, हे आत्ता लक्षात येतंय.

---

मृण्मयी_फ्रेंच

यात एक भर. मी फ्रेंच शिकते, तिकडच्या कृतींत "थर्मोस्टॅट ६" असं असतं. मी ते गॅस मार्क ६ समजून २०० लावत होते आणि टार्टची कड दर वेळी करपायची. आमच्या बाईंनी सांगितलं की फ्रेंच आकड्याला ३० ने गुणायचं, म्हणजे थर्मोस्टॅट ६ चे १८०. आकडा सारखा दिसला तरी माप वेगळं. कृती कुठल्या देशातली आहे ते आधी बघायला लागते.

---

विद्याताई_बेकिंग

अगदी बरोबर, मृण्मयी.

केतकी, आता तुझ्या ओटीजीची परीक्षा. थर्मामीटर आणायच्या आधी घरातल्या साखरेने करून बघ. साखर १८६ सेल्सिअसच्या आसपास वितळते, हा तिचा गुणधर्म आहे, कुठल्या नॉबवर अवलंबून नाही. फॉइलची छोटी वाटी कर, त्यात चमचाभर साखर पसर. फॅन बंद. नॉब १७० वर ठेवून वीस मिनिटं तापव. दिवा विझला म्हणून लगेच काही आत ठेवायचं नाही, तेव्हा फक्त हवा तापलेली असते, भिंती अजून थंड असतात. मग वाटी मधल्या जाळीवर, रॉडला चिकटू न देता, पंधरा मिनिटं ठेव. ओव्हन नीट असेल तर दाणे जसेच्या तसे कोरडे राहतील. नॉब १९० वर नेल्यावर मात्र वितळायला हवेत.

वितळलेली साखर हातावर पडली तर खोल भाजतं. वाटी चिमट्याने नको, ट्रेसकट काढ.

---

केतकी_कोथरूड

आज संध्याकाळी केलं. नॉब १७०, फॅन बंद. नवव्या मिनिटाला कडेचे दाणे पारदर्शक दिसायला लागले, पंधराव्या मिनिटाला वाटीत सोनेरी पाक होता. नॉब १७० म्हणतोय आणि आत १८६ च्या वर आहे!

उद्या रविवार पेठेत काम आहेच, बोहरी आळीत केकचं सामान मिळतं तिथून ओव्हनमधे टांगायचा थर्मामीटर घेऊन येते.

---

आबा_पिंपरी

तो थर्मामीटरच चुकीचा निघाला तर? स्वस्तातले असतात ते. आमच्याकडे प्रत्येक मापक दर वर्षी तपासायला जायचा.

---

विद्याताई_बेकिंग

शंका रास्त आहे, आबा. म्हणूनच साखर आधी करायला सांगितली. थर्मामीटरने साखरेशी जुळणारा आकडा दाखवला तर दोन वेगळे साक्षीदार एकच सांगतायत असं धरायचं. नाही जुळला तर परत करायचा.

---

केतकी_कोथरूड

आणला. तासभर ओटीजीसमोर टॉर्च घेऊन बसले, काचेतूनच वाचलं, दार उघडलं नाही. थर्मामीटर मधल्या जाळीवर, टिन ठेवते त्या जागी.

नॉब १७० वर असताना काटा एका जागी थांबतच नाही. रॉड विझतात तेव्हा २०३ पर्यंत चढतो, पुन्हा पेटायच्या आधी १७८ पर्यंत उतरतो. ताई, मग खरं कुठलं धरायचं?

---

विद्याताई_बेकिंग

मधलं. साधारण १९०. केकला दोन मिनिटांचा चढउतार कळत नाही, त्याला तासाभराची सरासरी कळते. तुझ्या साखरेचं उत्तरही याच्याशी जुळतंय.

नॉबचा दोष असा की त्याची तापमान ओळखणारी पट्टी ओव्हनच्या कडेला असते, केक असतो मधे. कडेला १७० झालं की ती रॉड बंद करते, मधे तोवर जास्त झालेलं असतं. लहान ओटीजीत रॉड टिनापासून वितीच्या आत, म्हणून हे जास्त जाणवतं.

आता तुझ्या त्या दिवसाचा हिशोब मांडू. आत्याला हवे होते १६३. तू १७० लावलेस, मिळाले १९०. वर फॅन चालू. फॅनमुळे गरम हवा टिनावर सतत फिरत राहते आणि केक लवकर भाजतो, म्हणून फॅन असेल तर २० कमी लावायचे असतात. तू कमी केले नाहीस, म्हणजे ते २० वर चढले. १९० आणि २० मिळून २१० सारखा परिणाम. तुझ्या त्या तक्त्यात बघ, गॅस मार्क ६ म्हणजे ४०० फॅरनहाइट, २०४ सेल्सिअस. आत्याचा केक तू मार्क ३ ऐवजी मार्क ६ च्याही वर भाजलास. १६० की १७० हा प्रश्न त्यापुढे किती लहान आहे बघ.

---

केतकी_कोथरूड

हे वाचून खूप बरं वाटलं. मला वाटत होतं वहीतच काहीतरी राहून गेलंय, किंवा माझ्या हाताला तो केक जमणार नाही.

---

रोहित_बाणेर

माझ्यातही असंच असणार. ताई, म्हणजे सगळ्यांनी नॉबवर २० कमी लावायचं का?

---

विद्याताई_बेकिंग

नाही रे. केतकीचा २० ने जास्त तापतो, तुझा कदाचित कमी तापत असेल. आणि एकाच ओव्हनची चूकही सगळीकडे सारखी नसते. केतकी, तू १४५ आणि २०० वरही मोजून बघ.

---

केतकी_कोथरूड

बघितलं. नॉब १४५ ला सरासरी १६३ च्या जवळ, म्हणजे १८ जास्त. नॉब २०० ला मात्र २१०, फक्त १० जास्त.

---

अमृता_मावे

माझ्याकडे कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आहे. त्यात १०-१० च्या पायऱ्या आहेत, २०० च्या पुढे जातच नाही, आणि फॅन बंद करायची सोयच नाही. गॅस मार्क ७ ची कृती करायची असेल तर काय करायचं?

---

विद्याताई_बेकिंग

अमृता, मार्क ७ म्हणजे २१८. फॅनचे २० वजा केले की १९८, तुझे २०० जवळजवळ तिथेच पोचतात. एवढं जमून येतंय. पण पिझ्झासारख्या गोष्टींना खालून जोरात उष्णता लागते आणि तुझ्या मायक्रोवेव्हला खाली रॉड नसेल तर आकडा जमूनही तळ मऊ राहतो. तिथे रूपांतर उपयोगी पडत नाही.

---

स्नेहल_औंध

ताई, एक वेगळं मत मांडते. लहान ओटीजीतला फॅन मला तरी २० अंशांइतका वाटत नाही. माझा फॅन इतका मंद आहे की मी १० च कमी करते आणि खारी, नानकटाई, सगळं नीट होतं. २० चा नियम मोठ्या ब्रिटिश ओव्हनसाठी असावा.

---

विद्याताई_बेकिंग

स्नेहल, असू शकेल. नानकटाई पातळ असते, पंधरा-वीस मिनिटांत होते, तिथे फरक कमी दिसतो. जाड केकला मी २० सोडणार नाही. केतकीला मी फॅन बंदच ठेवायला सांगेन, म्हणजे हा वाद तिच्या केकवर यायला नको. आत्याच्या ओव्हनलाही फॅन नसणारच.

आणि केतकी, जाळी. वहीत "मधला खण" आहे. जुन्या गॅस ओव्हनमधे वरचा खण साधारण एक मार्क जास्त गरम असायचा, खालचा एक मार्क कमी, आणि लिहिलेला मार्क मधल्याचा. तुझ्या ओटीजीत मधल्या जाळीवर ७ इंची टिन ठेवलं की केक फुगून वरच्या रॉडच्या जवळ जातो. टिनाचा नव्हे, फुगलेल्या केकचा मध्य ओव्हनच्या मधोमध यायला हवा. एक जाळी खाली घे.

---

केतकी_कोथरूड

रविवारी पुन्हा केला. नॉब १४५, फॅन बंद, दोन्ही रॉड, खालून दुसरी जाळी, आत ठेवायच्या आधी २५ मिनिटं तापवला. तासाभराने वरून फिकट सोनेरी, सपाट, मधे अगदी बारीक चीर. सव्वा तासाने वर फॉइल टाकलं. एक तास चाळीस मिनिटांनी सुई कोरडी आली, म्हणजे आत्याने लिहिलेल्या वेळेच्या आतच.

कापल्यावर बेदाणे तळाशी बसलेले नव्हते. कडा अजून थोड्या कडक आहेत, आत्याच्या केकच्या नव्हत्या. आई म्हणाली वास तोच आहे.

---

सुनंदा.जोशी

कडा कडक होतात त्याला टिनाच्या बाहेरून जाड कागदाची दुहेरी पट्टी बांधायची. माझी आई मोठा केक बेकरीत भाजायला द्यायची तेव्हा बांधायची. डिग्रीतलं मला कळत नाही, पण हे नक्की चालतं.

---

विद्याताई_बेकिंग

सुनंदाताई, अगदी बरोबर. केतकी, पुढच्या वेळी हे कर. कागद रॉडला लागणार नाही एवढं बघ.

---

केतकी_कोथरूड

करते. वहीत आत्याच्या अक्षराला धक्का न लावता शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवलं: "आपला नॉब १४५, फॅन बंद, खालून दुसरी जाळी, बाहेरून कागद." पुढच्या पानावर गॅस मार्क ७ चे स्कोन आहेत. हिशोबाने २१८, माझ्या नॉबवर २०५-२१० च्या मधे कुठेतरी येईल. आधी थर्मामीटर लावून बघते.

---

आबा_पिंपरी

मी पण आज साखर ठेवली. नॉब १९० ला पंधरा मिनिटांत दाणा हलला नाही, २१० ला पाक झाला. आमचा थंड निघाला. घरात बिस्किटं मऊ राहतात म्हणून सौ. दोन वर्षं कृतीला दोष देत होती, तिला आत्ताच जाऊन सांगितलं.